साठ सेकंदांची देवीची रील आणि सेकंदाला दीड शब्द

साठ सेकंदांच्या उभ्या व्हिडिओत व्हॉइसओव्हरचे किती शब्द बसतात असं कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळतं, सेकंदाला अडीच शब्द, म्हणजे मिनिटाला दीडशे. हा आकडा इंग्रजी बोलण्यावरून आलाय आणि तिथे तो ठीक चालतो, पण मराठीत देवाधर्माच्या विषयावर दीडशे शब्द लिहून शांत आवाजात वाचून बघा, नुसतं बोलणंच ऐंशी सेकंदांच्या पुढे जातं, आणि त्यात ना श्लोक आहे ना शेवटची घंटा. मी एका छोट्या चॅनेलसाठी देवस्थानांच्या माहितीच्या स्क्रिप्ट लिहिते आणि आवाजही मीच देते, एडिटिंग माझा मावसभाऊ करतो. सुरुवातीलाच आमचं ठरलं होतं की स्क्रिप्ट रेकॉर्डिंगच्या आधीच सेकंदात मोजायची, कारण रेकॉर्ड झाल्यावर कापायला गेलं की आवाजातला भाव पहिला कापला जातो. ते मोजणं आम्ही कसं बसवलं ते इथे लिहिते, आणि कोल्हापूरच्या किरणोत्सवाची एक स्क्रिप्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजून दाखवते.

आधी साठच सेकंद का, ते सांगते. यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादा १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांची झाली, त्यामुळे आता मिनिटात बसवायची सक्ती नाही असं वाटतं. पण भक्तीच्या व्हिडिओत मागे कुठलं तरी स्तोत्र, धून, आरतीचं रेकॉर्डिंग असतंच, आणि एक मिनिटाच्या वरच्या शॉर्टवर कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या कॉपीराइट तपासणीचा, क्लेम लागला तर तो व्हिडिओ सरळ ब्लॉक होतो. मिनिटाच्या आतल्याचं सहसा तसं होत नाही. म्हणून आम्ही मिनिटाच्या आतच राहतो, आणि टाइमलाइनवर बरोबर ६० नाही तर ५८ धरतो, कारण एक्सपोर्ट करताना ऑडिओ थोडासा वाढतो आणि फाइल कधीकधी साठच्या एक केसभर पुढे जाऊन बसते.

आता मूळ मुद्दा. मराठीत शब्द हे मोजायचं माप म्हणून फार लवचिक आहे, कारण आपण विभक्ती, शब्दयोगी, सगळं शब्दालाच चिकटवतो. "तो घरी आला" हे तीन शब्द आणि "पश्चिमेकडच्या महाद्वारातून सूर्यकिरणांचा" हेही तीनच शब्द. पहिल्यात पाच अक्षरं आहेत, दुसऱ्यात अठरा. वर्ड काउंट दोन्हीला तीनच म्हणणार. गोष्ट सांगायची स्क्रिप्ट असेल तर "तो", "मग", "की", "पण" असे छोटे शब्द जास्त येतात आणि सरासरी शब्दाला अडीच अक्षरांच्या आसपास राहते, देवळाची, मूर्तीची, उत्सवाची माहिती असेल तर तीनच्या वर जाते. म्हणजे तोच आवाज, तोच वेग, तेवढेच शब्द, तरी साठ शब्दांच्या दोन स्क्रिप्टमध्ये सात-आठ सेकंदांचा फरक पडू शकतो, आणि साठ सेकंदांत सात सेकंद म्हणजे आख्खी आरतीची सुरुवात गेली.

म्हणून आम्ही मोजतो अक्षरं. अक्षर म्हणजे इथे अभंगात, ओवीत मोजतात तसं, जोडाक्षर कितीही मोठं असलं तरी एक. "कोल्हापूर" म्हणजे को-ल्हा-पू-र, चार. इथे एक सावध राहायचं, कॉम्प्युटरचा कॅरेक्टर काउंट वेगळी गोष्ट आहे, तो काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं धरतो आणि "कोल्हापूर"ला नऊ दाखवतो. त्यावरून वेळ काढली तर जोडाक्षरं जास्त असलेली स्क्रिप्ट उगाच लांब वाटते. आम्ही पायथनमध्ये हे एवढंसं लिहून ठेवलंय:

```python
import re
t = open("script.txt", encoding="utf-8").read()
v = len(re.findall(r"[\u0904-\u0914\u0950\u0972]", t))
c = len(re.findall(r"[\u0915-\u0939](?!\u094D)", t))
print(len(t.split()), v + c)
```

पहिला आकडा शब्दांचा, दुसरा अक्षरांचा. यात सुटे स्वर मोजले जातात आणि ज्या व्यंजनानंतर लगेच हलन्त नाही ती व्यंजनं मोजली जातात, बस. श्लोकातला दंड जर मोकळी जागा सोडून टाइप केला असेल तर तो एक शब्द म्हणून मोजला जातो, तेवढं बघायचं. कॉम्प्युटर नको असेल तर बोटांवर मोजलं तरी चालतं, साठ शब्दांना पाच मिनिटंही लागत नाहीत, माझी आत्या तर वाचता वाचता मोजते.

कुणी म्हणेल की लिहिलेलं प्रत्येक अक्षर आपण पूर्ण उच्चारतो कुठे, "तोंड" लिहिताना दोन आहे पण बोलताना एकाच झटक्यात जातं, "करून" मधला शेवटचा न अर्धाच असतो. बरोबर आहे. पण ज्या मजकुरावरून आपण आपला वेग काढतो त्यातही हे असंच असतं, त्यामुळे साध्या गद्यात हा फरक आपोआप जिरतो. श्लोकात आणि अभंगात मात्र जिरत नाही, तिथे शेवटचं अक्षरही पूर्ण म्हणावं लागतं, त्याचा वेग वेगळाच धरावा लागतो, त्यावर पुढे येते.

आपला वेग काढायचा म्हणजे काय केलं, तर आधी वाचलेल्या दोन-तीन स्क्रिप्ट घेतल्या, त्याच खोलीत, त्याच माइकवर, ज्या आवाजात व्हिडिओसाठी वाचते त्याच आवाजात. हे महत्त्वाचं आहे, कारण नुसतं टायमर लावून वाचायला बसलं की माणूस नकळत जोरात वाचतो, बातम्या वाचल्यासारखं. भक्तीचा आवाज खालच्या पट्टीत असतो, स्वर ओढले जातात, "आई" म्हणताना ई लांबतो. तो ओढा वेळेत धरला गेलाच पाहिजे. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं, पुढची-मागची शांतता कापली आणि एकूण वेळ लिहून घेतली. मग त्याचीच कॉपी करून ट्रंकेट सायलेन्स चालवलं, म्हणजे मधल्या सगळ्या थांब्यांची शांतता निघून गेली आणि उरलं ते निव्वळ बोलणं. अक्षरं भागिले ही दुसरी वेळ, हा माझा बोलण्याचा वेग. माझा निघाला सेकंदाला साडेपाच अक्षरं. ट्रंकेट केल्यावर एकदा ऐकून बघायचंच, थ्रेशोल्ड जास्त ठेवला तर शब्दाच्या शेवटचे हळू स्वर, "देवी"तली ई वगैरे, शांतता समजून कापले जातात आणि वेग आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. ऐकताना शब्दांच्या कडा तुटल्यासारख्या वाटल्या की समजायचं थ्रेशोल्ड खाली आणायला हवा.

एकूण वेळेतून बोलण्याची वेळ वजा केली की थांब्यांची वेळ मिळते. ती पूर्णविराम आणि स्वल्पविरामांत वाटून टाकली. माझं पूर्णविरामाला ०.७ सेकंद आणि स्वल्पविरामाला ०.३ असं येतं. बातमी वाचणाऱ्याचा पूर्णविराम याच्या निम्म्यात संपत असेल, पण देवीच्या व्हिडिओत वाक्य संपलं की मागची तानपुऱ्याची धून जरा ऐकू आली पाहिजे, नाहीतर पाठ म्हणून दाखवल्यासारखं वाटतं. थांबे वेगळे का काढायचे, तर छोट्या छोट्या वाक्यांची स्क्रिप्ट आणि दोन लांब वाक्यांची स्क्रिप्ट यांत अक्षरं तेवढीच असली तरी थांब्यांमुळे तीन-चार सेकंद इकडचे तिकडे होतात, आणि हे सेकंदाला इतके शब्द किंवा अक्षरं असा एकच आकडा धरून कधीच दिसत नाही.

आता श्लोक. हा भाग बहुतेक जणांच्या हिशोबात नसतोच आणि व्हिडिओ इथेच लांबतो. देवीच्या व्हिडिओत आम्ही शेवटी "सर्वमंगलमांगल्ये शिवे सर्वार्थसाधिके, शरण्ये त्र्यंबके गौरि नारायणि नमोऽस्तु ते" घेतो. शब्द मोजा, नऊ. सेकंदाला अडीचच्या हिशोबाने साडेतीन सेकंद. प्रत्यक्षात हा अनुष्टुभ आहे, आठ-आठ अक्षरांचे चार चरण, बत्तीस अक्षरं, आणि प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणायचं. साडेपाचच्या वेगाने म्हटलं तरी सहा सेकंद होतील, पण त्या वेगाने श्लोक म्हणायचाच नसतो. आत्याने माझं पहिलं ट्रायल ऐकून तिथल्या तिथे सांगितलं, "अगं, देवीला हाक मारतीयस का गाडी पकडायचीय तुला? चरण संपला की थांब की जरा." ती म्हणाली तसं म्हटलं तर बरोबर दहा सेकंद लागतात, म्हणजे चरणांमधले श्वास धरून सेकंदाला ३.२ अक्षरं. तेव्हापासून श्लोकाचा वेग आम्ही कायमचा ३.२ धरलाय आणि त्याचे थांबे वेगळे मोजत नाही. शब्दांत सांगायचं तर सेकंदाला एक शब्दसुद्धा होत नाही.

अभंगाचं ओळीगणिक ठरलेलंच असतं ही मोठी सोय आहे. "सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया" हा तुकोबांचा चरण सहा-सहा-सहा-चार असा बावीस अक्षरांचा. न गाता, ठाय लयीत म्हटला तर मला सहा सेकंद लागतात. मोठ्या अभंगाचं कुठलंही कडवं याच मापाचं, त्यामुळे पंढरपूरची स्क्रिप्ट असली की एक कडवं म्हणजे सहा सेकंद असं डोळे झाकून धरता येतं. गायचा असेल तर मात्र अक्षरं मोजून काही उपयोग नाही, तिथे तालाचं आवर्तन मोजायचं, तो हिशोब माझा नाही, पेटीवाल्याचा.

एवढं हातात आल्यावर किरणोत्सवाची स्क्रिप्ट कशी बसवली ते सांगते. सगळ्यात आधी साठ सेकंदांतून जे बोलणं नाही ते बाजूला काढलं. सुरुवातीला दोन सेकंद नुसती घंटा आणि देवळाचं दृश्य, शेवटी चार सेकंद मुखदर्शन आणि धून, श्लोकाचे दहा, गद्य संपून श्लोक सुरू व्हायच्या आधी एक सेकंद. झाले सतरा. ५८ मधून सतरा गेले, उरले एक्केचाळीस. म्हणजे मला स्क्रिप्ट साठ सेकंदांची लिहायचीच नव्हती, एक्केचाळीस सेकंदांची लिहायची होती, आणि हे कागदावर लिहायच्या आधी माहीत असलं की लिहिणंच वेगळं होतं. मजकूर असा झाला:

"कोल्हापूरची अंबाबाई पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. बहुतेक देवळांत देव पूर्वेकडे बघतात, म्हणून हे वेगळं. वर्षातून दोनदा मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं आणि थेट गाभाऱ्यात पोचतं. एकदा जानेवारीच्या शेवटी, एकदा नोव्हेंबरात. पहिल्या दिवशी किरणं चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आला की त्या दिवशी दर्शन नाही. तरीही माणसं संध्याकाळी देवळात उभी राहतात. किरणं मुखावर पोचली, की आरती सुरू होते."

शब्द ६१, अक्षरं १८८, म्हणजे शब्दाला तीनच्या किंचित वर, देवळाच्या माहितीला शोभेल असंच. १८८ भागिले साडेपाच, ३४.२ सेकंद निव्वळ बोलणं. वाक्यं आठ, त्यांच्या मधले थांबे सात, ०.७ प्रमाणे ४.९ सेकंद. स्वल्पविराम पाच, दीड सेकंद. बेरीज ४०.६. एक्केचाळीसच्या आत. ६१ शब्दांना ४०.६ सेकंद म्हणजे सेकंदाला बरोबर दीड शब्द.

हाच दीड आता आमचा शब्दांचा आकडा आहे, देवस्थानाच्या माहितीसाठी आणि माझ्या आवाजासाठी. कुणी बाहेरून स्क्रिप्ट लिहून देणार असेल तर त्यांना अक्षरं मोजायला सांगत बसत नाही, साठ शब्दांत लिहून द्या म्हणते, आणि आल्यावर अक्षरं मी मोजते. गोष्टीची स्क्रिप्ट असेल, संतांच्या आयुष्यातला एखादा प्रसंग वगैरे, तर शब्द छोटे असतात म्हणून पावणेदोन धरते, म्हणजे तेवढ्याच वेळात सत्तरच्या जवळ शब्द जातात. आणि अडीचचा आकडा धरला असता तर? ६१ शब्द नि श्लोकाचे ९, सत्तर भागिले अडीच, अठ्ठावीस सेकंद. लिहिणाऱ्याला वाटलं असतं अजून निम्मा व्हिडिओ रिकामा आहे, आणि त्याने अजून पन्नास-साठ शब्द भरले असते.

पहिल्या खर्ड्यात तारखा होत्या, ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, ९, १० आणि ११ नोव्हेंबर. कोल्हापूरकरांना या तारखा हव्याच असतात. पण इथे मोजणारा प्रोग्रॅम फसवतो, आकड्यात लिहिलेलं त्याला अक्षर म्हणून दिसतच नाही. त्याने या ओळीची सोळा अक्षरं सांगितली. तीच ओळ अक्षरी लिहिली, एकतीस जानेवारी, एक आणि दोन फेब्रुवारी, नऊ, दहा आणि अकरा नोव्हेंबर, तर एकतीस अक्षरं होतात, आणि तारखा वाचताना माणूस प्रत्येक स्वल्पविरामाला थांबतो, म्हणजे साडेसहा सेकंद गेले. सनावळीचं तर याहून वाईट, "१७१५" दिसायला एक शब्द, म्हणायला "सतराशे पंधरा", सात अक्षरं. म्हणून नियम असा केला की मोजायच्या प्रतीत एकही आकडा आकड्यात ठेवायचा नाही, आणि शक्यतो तारखा बोलायच्याच नाहीत, स्क्रीनवर लिहायच्या. बघणारा वाचून घेतो, हवं तर थांबवून वाचतो. बोलण्यात "एकदा जानेवारीच्या शेवटी, एकदा नोव्हेंबरात" एवढंच ठेवलं, पावणेचार सेकंदांत झालं.

असंच किरणांच्या वाटेचं. महाद्वारातून गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, असा तो प्रकाश एकेक टप्पा पुढे सरकतो आणि देवळात उभं राहून ते बघताना अंगावर काटा येतो, मला ती नावं घ्यायचीच होती. तेवीस अक्षरं आणि नावागणिक एक थांबा, मिळून साडेपाच सेकंद. एक्केचाळीसमध्ये ते बसत नव्हतं, बसवायचं तर ढगाचं आणि वाट बघणाऱ्या माणसांचं वाक्य काढावं लागलं असतं, आणि ती दोन वाक्यं म्हणजे माझ्या मते त्या व्हिडिओचा जीव आहे. मग मावसभावाने ती नावं दृश्यावरच टाकली, किरण जिथे पोचलंय तिथलं नाव, आणि खरं सांगायचं तर ते कानाने ऐकण्यापेक्षा असं डोळ्याने बघणंच जास्त चांगलं झालं.

रेकॉर्डिंग केलं तेव्हा गद्य ४०.६ ऐवजी ४२ सेकंद झालं. वाढलं कुठे ते बघायला ऑडॅसिटीत वाक्यागणिक लेबल लावले आणि प्रत्येक वाक्याची मोजलेली वेळ आणि हिशोबाची वेळ शेजारी शेजारी लिहिली. बाकी सगळी वाक्यं अगदी थोड्या फरकाने जुळत होती, वाढ सगळी एकाच ठिकाणी, "चरणांवर, छातीवर, मुखावर". तिथे मी हळू झाले होते, स्वल्पविरामाला जवळजवळ पूर्णविरामाएवढी थांबले होते, आणि ते तसंच असायला हवं होतं, किरण वर सरकतंय ते आवाजात ऐकू यायला नको का? हे मोजण्यामुळे एक कळतं की लांबलेलं वाक्य भावामुळे लांबलंय की वेग चुकीचा धरल्यामुळे. सगळीच वाक्यं सारखी थोडी थोडी लांबली असतील तर वेग पुन्हा काढायला हवा. एकच लांबलं असेल तर ते वाक्य तसंच ठेवायचं आणि दुसरीकडून कापायचं.

हिशोबावर परत यायला आता १.४ सेकंद कमी करायचे होते. मावसभाऊ म्हणाला, "ताई, टेम्पो तीन-चार टक्के वाढवतो, कुणाला कळणार पण नाही." बातमीला खरंच कळत नाही. पण ओढलेल्या स्वरांच्या आवाजात कळतं, मला तरी कळतं, "आई"तली ई घाईने मिटल्यासारखी होते आणि मागची धून त्याच लयीत राहिल्यामुळे आवाज पुढे पळाल्यासारखा वाटतो. आम्ही दोन्ही ऐकून बघितलं आणि शब्दच कापायचा ठरवला. "म्हणून हे वेगळं" हे तीन शब्द, सात अक्षरं, १.३ सेकंद, आणि त्याच्या आधीचा स्वल्पविराम ०.३, एकूण १.६. पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे हे शेजारी आलं की वेगळेपण ऐकणाऱ्याला कळतंच, सांगावं लागत नाही. हे तीन शब्द वाक्याच्या शेवटाला होते म्हणून परत रेकॉर्डही करावं लागलं नाही, फक्त "बघतात" नंतर आवाज खाली येऊन संपल्यासारखा वाटतोय ना एवढं तपासलं. स्वल्पविरामाच्या आधी आवाज बहुतेक वेळा वर राहतो, तसा राहिला असेल तर तिथे कापल्यावर वाक्य लटकतं, मग ते एक वाक्य पुन्हा म्हणावंच लागतं. इथे सुदैवाने खाली आला होता. टाइमलाइन ५७.४ वर थांबली.

थांब्यांमध्ये कापायचा मोह पण सगळ्यांना होतो, सात थांब्यांतले प्रत्येकी ०.२ घेतले की १.४ सेकंद मिळतात आणि एकही शब्द जात नाही. माहितीच्या दोन वाक्यांमध्ये चालतं ते. पण "ढग आला की त्या दिवशी दर्शन नाही" याच्या नंतरचा थांबा कमी केला तर पुढचं "तरीही" अंगावर येतं. तो थांबा मी उलट पूर्ण एक सेकंदाचा ठेवते आणि बाकीच्यांतून वसूल करते. आता स्क्रिप्ट लिहितानाच असा थांबा जिथे हवा तिथे दोन दंड टाकते आणि त्याचा एक सेकंद हिशोबात आधीच धरते.

वेग कायम तोच राहत नाही हेही धरून चालावं लागतं. सकाळी उठल्या उठल्या रेकॉर्ड केलं तर मी हळू असते, सलग तीन-चार व्हिडिओ वाचले की शेवटच्यात वेग सहाच्या वर जातो. त्यामुळे आता दर सेशनच्या सुरुवातीला कायम एकच ठरलेला परिच्छेद वाचते, शंभर अक्षरांच्या जवळचा, आणि त्या दिवसाचा वेग त्यावरून बघते. फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर काही करत नाही. त्याहून जास्त असेल तर स्क्रिप्टला हात न लावता आधी पाणी पिऊन पाच मिनिटं थांबते नि पुन्हा वाचते, बहुतेक वेळा जागेवर येतं. दुसऱ्या कुणाच्या आवाजात करायचं असेल तर मात्र माझे आकडे चालत नाहीत. हनुमान जयंतीच्या वेळी आवाज काकांनी दिला होता, त्यांचा बोलण्याचा वेग माझ्यापेक्षा कमी, पावणेपाचच्या आसपास, पण थांबे फार छोटे, पूर्णविरामाला जेमतेम ०.४. एकूण वेळ जवळजवळ माझ्याएवढीच येत होती, म्हणून वरवर बघता माझेच आकडे चालतील असं वाटलं असतं. पण त्यांच्यासाठी छोटी छोटी वाक्यं लिहिली तर वेळ उरते आणि लांब समासांचे शब्द घातले तर कमी पडते, माझ्या अगदी उलट, म्हणून त्यांच्या स्क्रिप्टचे तिन्ही आकडे, गद्याचा वेग, थांबे आणि श्लोकाचा वेग, वेगळ्या कागदावर लिहून माइकशेजारी चिकटवलेत.